एसएमएलवर शेअर मांडताना उभ्या अक्षावर काय घ्यायचं?

प्रश्न: वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मिडकॅप कंपनीचा शेअर बघतोय. भाव ५०० रुपये. वेबसाइटवर बीटा १.३ दिसतो. सरकारी रोख्याचे ७ टक्के आणि बाजाराचे १३ टक्के धरले तर सिक्युरिटी मार्केट लाइन म्हणजे एसएमएलप्रमाणे १४.८ टक्के परतावा पुरेसा आहे. शेअरने मात्र गेली तीन वर्षं वर्षाला २६ टक्के दिलेत. म्हणजे तो रेषेच्या ११ टक्के वर आहे, स्वस्त आहे, घ्यावा. बरोबर ना? की रेषेच्या वर म्हणजे महाग?

उत्तर:

तुमची शेवटची शंका आधी मिटवतो, कारण ती जवळजवळ सगळ्यांना येते. रेषेच्या वर म्हणजे स्वस्त, खाली म्हणजे महाग. हे उलटं वाटतं, कारण आपण 'वर' म्हटलं की भाव डोळ्यासमोर आणतो. पण या आलेखाच्या आडव्या अक्षावर बीटा आहे, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो ते, आणि उभ्या अक्षावर भाव नाही, परतावा आहे. एकाच इमारतीत दोन सारखे गाळे आहेत आणि दोन्हींचं भाडं महिन्याला ४० हजार आहे असं समजा. एक ८० लाखांना मिळतोय, दुसरा ९६ लाखांना. पहिल्यावर वर्षाला ६ टक्के सुटतात, दुसऱ्यावर ५. येणारे पैसे तेच, पण भाव कमी म्हणून परतावा जास्त. शेअरचंही तसंच. पुढे येणारे पैसे तेच राहून भाव खाली आला, की बिंदू आलेखावर वर सरकतो.

'पुढे येणारे' हे शब्द पकडून ठेवा, कारण तुमच्या गणिताची गोची नेमकी तिथेच आहे. १४.८ टक्के तुम्ही बरोबर काढलेत. ७ अधिक १.३ गुणिले ६, त्यात काही चूक नाही. पण त्याच्याशी तुलना केलीत ती मागच्या तीन वर्षांच्या परताव्याची. रेषा सांगते की एवढ्या जोखमीसाठी इथून पुढे किती परतावा मिळायला हवा. त्यामुळे तिच्याशी ताडून बघायचा आकडाही इथून पुढचाच हवा, आणि तोही आज ५०० रुपये मोजून घेणाऱ्याला मिळणारा. २६ टक्के मिळाले ते तीन वर्षांपूर्वी घेतलेल्याला. ते पैसे त्याच्या खिशात गेले. तुमच्यासाठी त्यांचा अर्थ एवढाच की शेअर आता दुप्पट महाग झालाय.

दुप्पट हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. वर्षाला २६ टक्के म्हणजे तीन वर्षांत बरोबर दुप्पट, म्हणजे लाभांश बाजूला ठेवला तर तेव्हा भाव २५० च्या आसपास असणार. आता हा भाव कशाने वाढला ते उकलून बघू. कंपनीचं नाव तुम्ही दिलं नाहीत, त्यामुळे नफ्याचे आकडे मी धरून चालतो. तुमच्याकडचे खरे आकडे त्या जागी बसवून घ्या, पद्धत तीच राहील.

समजा तीन वर्षांपूर्वी प्रतिशेअर नफा १५ रुपये ६० पैसे होता आणि आज तो २० रुपये आहे. म्हणजे तेव्हा शेअर नफ्याच्या १६ पट भावाला मिळत होता, आज २५ पटीला. नफा वाढला तो तीन वर्षांत मिळून जेमतेम २८ टक्के, वर्षाला साडेआठच्या आसपास. बाकीची सगळी वाढ लोक त्याच नफ्याला जास्त पट द्यायला तयार झाले म्हणून आली. आमच्या धंद्यात याला रीरेटिंग म्हणतात. रीरेटिंग एकदा होऊन गेलं की पुढच्या खरेदीदाराला ते परत मिळेलच असं नाही. उलट पट १६ कडे थोडी जरी परतली, तरी त्याचा फटका नव्याने घेणाऱ्यालाच बसतो. मागचा परतावा उभ्या अक्षावर टाकला की जो शेअर नुकताच खूप वर गेलाय तो कायम 'स्वस्त' दिसतो आणि जो मार खाऊन बसलाय तो 'महाग'. रेषा तिचं काम उलटं करायला लागते.

मग पुढचा परतावा काढायचा कसा? मी तीन वर्षांचा पल्ला धरतो. एका वर्षाचा धरला तर सगळं उत्तर 'वर्षाअखेरीस पट किती असेल' या एका अंदाजावर लटकतं, आणि दहा वर्षांचा धरला तर वाढीचा अंदाज निव्वळ कल्पना होते. तीन आकडे लागतात: नफा किती वेगाने वाढेल, त्यातला किती लाभांश म्हणून वाटला जाईल आणि तीन वर्षांनी लोक नफ्याच्या किती पट भाव देतील.

समजा नफा वर्षाला १२ टक्क्यांनी वाढला, हे मागच्या वेगापेक्षा बरंच चांगलं आहे. तिसऱ्या वर्षी प्रतिशेअर नफा २८ रुपये १० पैसे होईल. नफ्याचा पाव हिस्सा लाभांशात गेला तर तीन वर्षांत अनुक्रमे ५.६०, ६.२७ आणि ७ रुपयांच्या आसपास हातात येतील. पट २५ वरून थोडी उतरून २२ वर आली तर तेव्हाचा भाव होतो ६१८ रुपये. आज ५०० दिले, मध्ये हे लाभांश मिळाले, शेवटी ६१८ ला विकला, तर वार्षिक परतावा पडतो साडेआठ टक्के. एक्सेलमध्ये `IRR` लावून बघा.

हा साडेआठ तुमचा उभ्या अक्षावरचा आकडा. रेषा १४.८ मागतेय, म्हणजे बिंदू रेषेच्या सहा टक्के खाली आहे. तुम्ही जो शेअर ११ टक्के वर मांडला होता, तोच हा.

तुम्ही म्हणाल, २२ पट मी मुद्दाम कमी धरली. ठीक आहे, २५ च ठेवू. मग परतावा १३.१ टक्के येतो, अजूनही रेषेखालीच. आता वाढही १२ ऐवजी १५ टक्के धरा आणि पटही २५ वर टिकवा: १६ टक्क्यांच्या थोडं वर जातो. म्हणजे रेषेच्या वर यायला कंपनीने मागच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने वाढायला हवं आणि बाजारानेही आजचा उत्साह तीन वर्षं तसाच ठेवायला हवा. इतकं सगळं जुळून आलं तरी हाती लागतो सव्वा टक्का. या सव्वा टक्क्याचं काय करायचं त्याकडे थोड्या वेळाने येतो.

त्याआधी एक गोष्ट मी नेहमी करतो ती करून बघा. परतावा काढून रेषेशी ताडण्याऐवजी उलट जायचं: रेषेचे १४.८ टक्के हाच सूट दर धरून पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचे. १२ टक्के वाढ आणि २२ पट धरली तर उत्तर येतं ४२३ रुपये. या भावाला शेअर बरोबर रेषेवर बसतो. ५०० ला परतावा साडेआठ, ४२३ ला १४.८, आणि ३५० ला मिळाला तर २२ च्या वर. कंपनी तीच, बीटा तोच, पुढचा नफाही तोच. फक्त भाव हलला आणि बिंदू त्याच उभ्या ओळीत खालून वर गेला. बिंदू रेषेच्या किती वर किंवा खाली आहे त्याला अल्फा म्हणतात. साहेब लोकांना 'अल्फा उणे सहा' सांगितलं तर ते मान डोलावतात आणि विसरतात. '४२३ च्या वर घेऊ नका' म्हटलं तर लक्षात राहतं.

आता रेषेकडे वळू. तुमचे १४.८ टक्के कागदावर ठसठशीत दिसतात, पण ते तीन अंदाजांवर उभे आहेत आणि तिन्ही डुगडुगतात.

बीटा सगळ्यात जास्त. दोन वेबसाइट उघडून बघा, एकाच शेअरचा बीटा वेगळा दिसेल. एक जण एका वर्षाचे रोजचे भाव घेतो, दुसरा पाच वर्षांचे महिन्याचे. एक निफ्टी ५० शी जोडतो, दुसरा आणखी कुठल्या निर्देशांकाशी. म्हणून बीटा स्वतः काढावा. पाच वर्षांचे महिन्याचे परतावे घ्या, एका रकान्यात निफ्टीचे आणि शेजारी शेअरचे, आणि हे दोन सूत्र लावा:

```
=SLOPE(B2:B61,A2:A61)
=INDEX(LINEST(B2:B61,A2:A61,TRUE,TRUE),2,1)
```

पहिलं सूत्र बीटा देतं. दुसरं त्या बीटाची प्रमाणित चूक देतं आणि वेबसाइट नेमकी तीच दाखवत नाही. ६० महिन्यांच्या आकड्यांवर १.३ बीटा आला आणि शेअरच्या चढउतारातला साधारण ३५ टक्के भाग बाजारामुळे असला, तर ही चूक ०.२३ च्या आसपास निघते. म्हणजे खरा बीटा १.०७ असू शकतो आणि १.५३ ही असू शकतो, आणि एवढ्या पट्ट्यातही तो असेलच याची खात्री तीनात दोनच. या दोन टोकांना रेषा मागते १३.४ आणि १६.२ टक्के. एका बीटाच्याच अनिश्चिततेत जवळजवळ तीन टक्क्यांचा फरक!

यावर एक जुना उपाय आहे. मार्शल ब्लूम यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की टोकाचे बीटा पुढच्या काळात १ कडे सरकतात. म्हणून मोजलेल्या बीटाचे दोन तृतीयांश आणि १ चा एक तृतीयांश घेतात. तुमचा १.३ मग १.२ होतो आणि गरज १४.२ टक्क्यांवर येते. मी हे करतो, पण त्याने चूक नाहीशी होते असं मानत नाही. त्याशिवाय त्याच व्यवसायातल्या पाच-सहा कंपन्यांचे बीटा शेजारी मांडतो. वाहनांच्या सुट्या भागांच्या बाकी कंपन्या १.१ ते १.२ च्या दरम्यान असतील आणि तुमचीच १.३ असेल, तर आधी तिचं कर्ज बघा. कर्ज जास्त असेल तर बीटा जास्त असण्याला कारण आहे. कारण सापडलं नाही तर मी गटाच्या आकड्याकडे झुकतो.

दुसरा अंदाज बाजाराच्या जादा परताव्याचा, म्हणजे तुमच्या १३ वजा ७ मधला ६. इथे लोक एक ठराविक चूक करतात. सेन्सेक्स १९७९ मध्ये १०० ला सुरू झाला असं धरतात, मार्च २०२४ ला तो ७३ हजारांच्या वर होता, म्हणजे लाभांश सोडून वर्षाला पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास. त्यातून आजचे ७ वजा करून पावणेनऊ टक्के जादा परतावा काढतात. पण त्या काळात सरकारी रोख्यांवरचं व्याज ७ टक्के नव्हतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ते १२ ते १४ टक्क्यांच्या घरात होतं, महागाईही बरीच जास्त होती. जुन्या परताव्यातून जुनंच व्याज वजा करायला हवं. मी स्वतः ५ ते ७ मध्ये राहतो. तुमचे ६ मला पटतात, पण ५ घेतले तर रेषा १३.५ मागते आणि ७ घेतले तर १६.१. बीटा १ पेक्षा जास्त असल्यामुळे इथली प्रत्येक चूक १.३ पटीने मोठी होऊन तुमच्या उत्तरात उतरते.

तिसरा, बिनजोखमीचा दर, तुलनेने सोपा आहे. फक्त एक मेळ सांभाळा. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर घेतलात तर जादा परतावाही त्याच रोख्याच्या तुलनेत मोजलेला हवा. ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर घेऊन रोख्यावर मोजलेले ६ टक्के त्यात मिळवले, तर रेषा उगाच खाली येते आणि शेअर फुकट स्वस्त दिसतात.

हे सगळं एकत्र केलं तर तुमच्या शेअरसाठी १४.८ हा आकडा बाजूला ठेवून 'साडेबारा ते सतरा, मधोमध कुठेतरी पंधरा' असा पट्टा डोक्यात ठेवावा. रेषा पेन्सिलने काढलेली नसून खडूने आडवी फासलेली आहे असं समजा. मघाचा सव्वा टक्का या फासलेल्या खडूतच हरवतो, त्याला मी रेषेवरच धरतो. माझा स्वतःचा दंडक असा की मधल्या, ना आशावादी ना निराशावादी, अंदाजाने बिंदू किमान चार टक्के वर असेल तरच तो शेअर स्वस्त म्हणून मांडायचा. हे चार टक्के कुठल्या सिद्धांतातून आलेले नाहीत, हात पोळून आलेत. मोठ्या, स्थिर नफ्याच्या कंपनीला मी तीनावरही मानतो. चक्राप्रमाणे वर-खाली होणाऱ्या धंद्याला सहा मागतो. वाहनांचे सुटे भाग दुसऱ्या प्रकारात मोडतात.

हात पोळले ते असे. सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या ब्रोकरेजच्या संशोधन विभागात असताना मी एक लहान रसायन कंपनी शोधून काढली होती. रोजच्या भावांवरून बीटा आला ०.४. रेषा मागत होती साडेनऊच्या आसपास आणि माझ्या अंदाजाने परतावा चौदा होता. साडेचार टक्के वर! मी मोठ्या आनंदाने टिपण लिहिलं. आमच्या डीलिंग रूममधल्या एका ज्येष्ठाने ते वाचून एवढंच विचारलं, "अरे, हा शेअर दिवसाला किती जातो?" मी बघितलं. कधी दोनशे, कधी पाचशे, आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी एकही नाही.

बीटा कमी का होता ते तेव्हा कळलं. कंपनी सुरक्षित होती म्हणून नव्हे. बाजार सोमवारी पडायचा, या शेअरमध्ये सौदाच व्हायचा नाही, आणि पडझड त्याच्या भावात बुधवारी-गुरुवारी दिसायची. रोजच्या आकड्यांना ती बाजाराशी संबंध नसलेली हालचाल वाटायची. ई. डिमसन यांनी १९७९ मध्ये यावर मार्ग दिला: त्या दिवसाच्या निर्देशांकासोबत मागच्या काही दिवसांचे निर्देशांकही समीकरणात घ्यायचे आणि सगळे गुणक एकत्र मिळवायचे. तसं केल्यावर माझा ०.४ चा बीटा ०.९ च्या वर गेला. रेषेची मागणी साडेबारापर्यंत चढली आणि माझे साडेचार टक्के दीडवर आले. मला सापडला होता तो खजिना नव्हता, ती मोजपट्टीच ढिली होती.

या जातीचा आणखी एक सापळा आपल्याकडे आहे, तो सर्किटचा. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला. ज्या शेअरवर ५ टक्क्यांची मर्यादा होती तो त्या दिवशी फार तर ५ टक्के पडू शकत होता. मग खाली विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा कुणी नाही. एक्सेलला ही रांग दिसत नाही, त्याला दिसतं की बाजार १३ पडला आणि हा ५ च, म्हणजे बीटा ०.३८. सगळ्यात भयानक दिवशी शेअर सगळ्यात सुरक्षित दिसतो! म्हणून कमी उलाढालीच्या शेअरला मी महिन्याच्या आकड्यांखेरीज हात लावत नाही. तुमचा मिडकॅप आहे, रोज भरपूर सौदे होत असतील तर ही काळजी नको, पण रोजची उलाढाल एकदा बघून घ्या.

कमी बीटाच्या शेअरबद्दल आणखी एक सावधगिरी. १९७२ मध्ये ब्लॅक, जेन्सन आणि शोल्स यांनी अमेरिकन शेअर तपासले तेव्हा दिसलं की प्रत्यक्षातली रेषा पुस्तकातल्या रेषेपेक्षा चपटी आहे. कमी बीटाचे शेअर रेषेने सांगितलेल्यापेक्षा जास्त देतात, जास्त बीटाचे कमी देतात. नंतरही अनेक बाजारांत हेच दिसत आलंय. याचा व्यवहारातला अर्थ असा की ०.५ बीटाचा शेअर रेषेच्या एक-दोन टक्के वर दिसला तर त्यात कंपनीचं विशेष काही नसेल, रेषाच तिथे खाली काढली गेली असेल. आणि तुमच्यासारखा १.३ चा शेअर थोडासा वर दिसला तर त्यावर जास्त संशय घ्यावा.

माझ्या एका वरिष्ठांनी शिकवलेली एक तपासणी मला इतर सगळ्यांपेक्षा उपयोगी पडली आहे. एकाच शेअरचा बिंदू मांडून थांबायचं नाही, तुम्ही बघताय ते सगळे शेअर एकाच आलेखावर मांडायचे. सगळ्या बाजाराची भारित सरासरी काढली तर ती रेषेवरच पडायला हवी, कारण बाजाराचा बीटा १ आणि त्याचा परतावाच रेषा ठरवताना आपण वापरला. काही शेअर वर असतील तर काही खाली असायलाच हवेत. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या यादीतल्या २७ पैकी २३ शेअर रेषेच्या वर होते. अर्थ सरळ होता: एक तर मी बाजाराचा परतावा कमी धरला होता, किंवा सगळ्याच कंपन्यांची वाढ फुगवून धरली होती. कंपनीच्या बैठकीतून परत आलं की व्यवस्थापनाचा उत्साह आपल्याही आकड्यांना चिकटतो, तसंच झालं होतं. सगळ्यांची वाढ सारख्या प्रमाणात कापून सरासरी रेषेवर आणली, तेव्हा वर उरले सहा. तुम्हीही किमान आठ-दहा शेअर असे मांडा, त्यात ज्या कंपन्या तुम्हाला आवडत नाहीत त्याही घ्या. त्यांच्या तुलनेत तुमचा शेअर कुठे बसतो हे एकट्या बिंदूपेक्षा जास्त खरं सांगतं.

आणि रेषा कुठली जोखीम मोजत नाही, तेही ध्यानात असू द्या. ती फक्त बाजारासोबत हलण्याची जोखीम मोजते. तुमच्या कंपनीचा निम्मा माल एकाच वाहन कंपनीला जात असेल आणि ती उद्या दुसरा पुरवठादार धरेल, तर ती जोखीम बीटात नाही. सिद्धांत म्हणतो की वीस-पंचवीस शेअर असलेल्याला तिची फिकीर नको. तुमच्याकडे एवढे शेअर असतील तर ठीक. पण तीन-चारच असतील आणि त्यात हा एक, तर रेषा तुमच्यासाठी काढलेलीच नाही, तुमची खरी जोखीम ती मागते त्यापेक्षा मोठी आहे. अशा वेळी काही जण बीटा फुगवतात किंवा १४.८ मध्ये अंदाजाने दोन टक्के मिळवतात. मी तसं करत नाही. एक ग्राहक गेला तर नफा किती घटेल आणि तसं होण्याची शक्यता किती, हे धरून नफ्याचा अंदाजच खाली आणतो. जोखीम जिथे आहे तिथेच ती लिहिलेली बरी, नाहीतर सहा महिन्यांनी ते दोन टक्के कशाचे होते ते आपल्यालाच आठवत नाही.

तेव्हा माझ्या धरलेल्या आकड्यांवर ५०० ला हा शेअर मला स्वस्त दिसत नाही. मधल्या अंदाजाने तो रेषेच्या सहा टक्के खाली आहे, आणि आशावादी अंदाजानेही जेमतेम तिच्यावर. चक्राकार धंद्यासाठी मी जे सहा टक्के वर मागतो, ते गाठायला भाव ३६३ च्या आसपास यावा लागेल. यातला सगळ्यात नाजूक आकडा बीटा नाही, वाढ आणि पट आहेत. पट २२ ची २५ झाली एवढ्यानेच परतावा साडेचार टक्क्यांनी बदलला, तेवढा फरक बीटाने पडत नाही.

म्हणून तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, मागच्या आठ-दहा वर्षांत या शेअरला बाजाराने नफ्याच्या किती पट भाव दिला त्याची वर्षवार यादी. १६ ही तेव्हाची मंदीतली पट होती की नेहमीची, त्यावर २२ बरोबर की २० बरोबर ते ठरेल. २० धरली तर परतावा साडेआठवरून पाचाच्या आसपास घसरतो. दुसरं, वाढ १५ टक्क्यांनी होईल असं तुम्हाला वाटत असेल तर त्याचं कारण: नवा कारखाना, हाती आलेल्या ऑर्डरी, इलेक्ट्रिक वाहनांसाठीचा एखादा भाग, जे असेल ते. 'मागे शेअर खूप चालला' हे कारण चालणार नाही. इथेच लिहा, त्या आकड्यांवर बिंदू पुन्हा मांडू.